पाच वर्षांनंतर किती देणे उरले?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर वाणिज्य गणित शिकवले. मी त्यांचा विद्यार्थी आणि नंतर बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केलेला माणूस. तेव्हा आज एकच प्रश्न घेऊन आलो आहे, आणि तो सुटेपर्यंत दुसरीकडे जाणार नाही. काही हप्ते भरून झाल्यावर कर्जाची बाकी किती, आणि ती कशी काढायची?

उदाहरणही एकच घेऊ. एका जोडप्याने घरासाठी ३० लाख रुपये कर्ज काढले. व्याज वर्षाला ९ टक्के, म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. मुदत २० वर्षे, म्हणजे २४० हप्ते. या आकड्यांवर मासिक हप्ता बसतो २६,९९२ रुपये. पाच वर्षे झाली, ६० हप्ते एकही न चुकवता भरले आणि साठावा हप्ता भरला त्याच दिवशी नवरा-बायको हिशेबाला बसले.

घरात अशा वेळी तीन उत्तरे हमखास निघतात. पहिले असे की २० पैकी ५ वर्षे सरली, पाव मुदत गेली, तर पाव कर्ज फिटले. राहिले साडेबावीस लाख. दुसरे असे की आपण ६० हप्त्यांत १६,१९,५२० रुपये दिले, ते तिसांतून वजा करा; राहिले पावणेचौदा लाखांच्या वर थोडे. तिसरे उत्तर घाबरलेल्या माणसाचे असते. अजून १८० हप्ते भरायचे आहेत, एकशे ऐंशी गुणिले सव्वीस हजार नऊशे ब्याण्णव म्हणजे ४८,५८,५६० रुपये देणे आहे. तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. बँक सांगते, २६ लाख ६१ हजार. हा आकडा ऐकून लोक शाखेत येतात तेव्हा त्यांची पक्की खात्री असते की आपली फसवणूक झाली आहे. फसवणूक झालेली नसते. निदान एवढ्यापुरती तरी नसते.

बाकी काढायच्या दोन रीती आहेत. एक मागे वळून पाहते, दुसरी पुढे पाहते. पुस्तकांत त्यांना रेट्रोस्पेक्टिव्ह आणि प्रॉस्पेक्टिव्ह म्हणतात. सर वर्गात त्यांना सरळ ‘मागची रीत’ आणि ‘पुढची रीत’ म्हणायचे. मीही तेच म्हणेन.

आधी मागची रीत. हिच्यात जे घडले तेवढेच मोजायचे. पहिल्या महिन्याअखेर ३० लाखांवर पाऊण टक्क्याने २२,५०० रुपये व्याज चढले. हप्ता आला २६,९९२. त्यातले २२,५०० व्याजात गेले, मुद्दलात जेमतेम ४,४९२ रुपये. बाकी २९,९५,५०८. दुसऱ्या महिन्यात व्याज या कमी झालेल्या रकमेवर, म्हणून ते २२,४६६ रुपये, आणि मुद्दलात ४,५२६ रुपये गेले. असे साठ वेळा केले की खातेउताराच तयार होतो. बँकेचा संगणक हेच करतो. फक्त साठ ओळी लिहायचा कंटाळा असेल तर गणित ते दोन ओळींत आणते.

पहिली ओळ अशी. समजा, या साठ महिन्यांत एकही हप्ता आला नसता. तर ३० लाख रुपये पाऊण टक्का मासिक चक्रवाढीने वाढत वाढत ४६,९७,०४३ झाले असते. दुसरी ओळ अशी. हप्ते तर आले. पहिला हप्ता ५९ महिने आधी आला, म्हणून त्याच्यावर ५९ महिन्यांचे व्याज त्या जोडप्याच्या बाजूने धरायचे. दुसऱ्यावर ५८ महिन्यांचे, आणि साठावा तर आत्ताच भरला, त्यावर काहीच नाही. असे सगळे हप्ते वाढवून एकत्र केले की २०,३५,८४८ रुपये होतात. पहिल्यातून दुसरे वजा करा, २६,६१,१९५ रुपये. हीच बाकी.

इथे एक गोष्ट पाहा. दुसऱ्या चुकीच्या उत्तरात आपण तिसांतून सोळा लाख वजा केले होते. तिथे हप्ते मोजले, पण कर्ज पाच वर्षे व्याजाने वाढत होते हे सोडून दिले. मागच्या रीतीत दोन्ही बाजूंना सारखाच न्याय आहे. बँकेचा पैसा वाढतो तसाच कर्जदाराने आधी दिलेला पैसाही वाढतो, आणि त्याच दराने वाढतो. हे एकदा मनात बसले की २६ लाखांचा आकडा अंगावर येत नाही.

आता पुढची रीत. हिला मागचे काही विचारायचे नाही. कर्ज मुळात किती होते हेही तिला नको. तिला तीनच गोष्टी हव्यात. अजून किती हप्ते यायचे आहेत, हप्ता केवढा आहे आणि दर काय आहे. यायच्या १८० हप्त्यांपैकी प्रत्येकाची आजची किंमत काढायची. महिन्याने येणाऱ्या २६,९९२ रुपयांची आजची किंमत त्याहून थोडी कमी. पंधरा वर्षांनी येणाऱ्या शेवटच्या हप्त्याची किंमत आज फक्त ७,०३३ रुपये भरते, कारण आजचे ७,०३३ रुपये पाऊण टक्का चक्रवाढीने १८० महिन्यांत बरोबर तेवढे होतात. अशा १८० किमतींची बेरीज म्हणजे बाकी. प्रत्येक किंमत वेगळी काढायची गरज नसते. दरमहा एक रुपया, १८० महिने, पाऊण टक्का दर, या सगळ्याची आजची किंमत ९८.५९३४ रुपये. पूर्वी हे आकडे छापील कोष्टकांत मिळत. त्याला २६,९९२ ने गुणा. २६,६१,२३३ रुपये.

घाबरलेल्या माणसाचे ४८ लाख कुठे गेले ते आता कळते. ते पंधरा वर्षांत पसरलेले रुपये होते आणि त्याने ते आजचे समजून एका ढिगात टाकले. उद्या तो कर्ज पूर्ण फेडायला गेला तर त्याला ४८ लाख कोणी मागणार नाही.

दोन्ही रीती एकाच उत्तराला का येतात, याला मोठे प्रमेय लागत नाही. कर्ज देताना हप्ता ठरला तो अशाच हिशेबाने की २४० हप्त्यांची त्या दिवशीची किंमत बरोबर ३० लाख व्हावी. म्हणजे ३० लाख म्हणजे पहिले ६० हप्ते अधिक नंतरचे १८०, दोन्ही कर्जाच्या दिवशीच्या किमतीने. आता हे सगळे समीकरण उचलून साठाव्या महिन्यात आणा, प्रत्येक रक्कम साठ महिने वाढवा. डावीकडे ३० लाखांचे ४६,९७,०४३ झाले. उजवीकडे आधीच्या ६० हप्त्यांची वाढलेली बेरीज आणि पुढच्या १८० ची आजची किंमत. एक बेरीज उजवीकडून डावीकडे न्या, झाले. एका बाजूला मागची रीत, दुसऱ्या बाजूला पुढची रीत. सर हे फळ्यावर एका ओळीत लिहीत आणि खडू खाली ठेवत.

पण चाणाक्ष श्रोत्यांनी मघाशीच पकडले असेल. मागच्या रीतीने आले २६,६१,१९५ आणि पुढच्या रीतीने २६,६१,२३३. अडतीस रुपयांचा फरक. परीक्षेत विद्यार्थी अशा वेळी ‘दशांश चिन्हांमुळे’ असे लिहून मोकळे होतात. मला मात्र हे अडतीस रुपये फार आवडतात, कारण त्यांना नेमके कारण आहे. हप्ता काटेकोर काढला तर तो २६,९९१ रुपये ७८ पैसे येतो. बँकेने तो पुढच्या पूर्ण रुपयाला नेला. म्हणजे दर महिन्याला सुमारे २२ पैसे जास्त गेले. ते २२ पैसे २४० महिने व्याजासकट साठले की शेवटी १४८ रुपये होतात, आणि तेवढा शेवटचा हप्ता कमी होतो. तो २६,९९२ नसून २६,८४४ च्या आसपास असतो. पुढच्या रीतीत आपण शेवटचा हप्ताही पूर्ण धरला. म्हणून १४८ रुपये जास्त धरले गेले, तेही १८० महिने पुढचे. त्यांची आजची किंमत काढा, साडेअडतीस रुपये. फरक सापडला. दोन रीतींत फरक दिसला तर तो कुठून आला हे असे बोट ठेवून सांगता यायला हवे. सांगता आले नाही तर कुठेतरी एखादा हप्ता किंवा एखादा दर चुकला आहे.

खरा बँकेचा उतारा याहूनही थोडा वेगळा दिसतो, हे सांगून ठेवतो. बऱ्याच बँका व्याज रोजच्या बाकीवर, दिवस मोजून लावतात. आपल्या कर्जात ३१ दिवसांच्या पहिल्या महिन्याचे व्याज २२,९३२ रुपये होईल आणि २८ दिवसांचे २०,७१२. वर्षभरात हे बरेचसे भरून निघते, पण पूर्ण जुळत नाही. महिन्याच्या मध्येच कर्ज फेडायला गेलात तर शेवटच्या हप्त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचे साधारण ६५६ रुपये बाकीत मिळवावे लागतात. शेकड्यातला फरक या कारणाने समजून घ्या. लाखातला समजून घेऊ नका.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. पुढच्या रीतीत एक गृहीत आहे, आणि ते उघडपणे कोणी सांगत नाही. ठरला होता तो करार जसाच्या तसा चालू आहे, असे ती धरून चालते. दर तोच, हप्ता तोच, एकही हप्ता चुकलेला नाही. करार हलला की ही रीत तशीच वापरता येत नाही. आणि आपल्याकडच्या बहुतेक गृहकर्जांचा दर तर बदलता असतो.

रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. रेपोला बांधलेल्या कर्जांचे दर मागोमाग चढले. आपल्या जोडप्याच्या कर्जाचा दर साठाव्या हप्त्यानंतर ९ वरून साडेदहा टक्के झाला असे धरू. त्यांचा एक हुशार भाचा संगणकावर बसतो, पुढच्या रीतीत नवा दर घालतो, १८० हप्ते, २६,९९२ रुपये, आणि उत्तर येते सुमारे २४ लाख ४२ हजार. दर वाढला आणि देणे दोन लाखांनी उतरले! घरात आनंद होतो. हा आनंद बँकेच्या पायरीपर्यंत टिकतो.

भाच्याचा गुणाकार बरोबर आहे. चूक अशी की साडेदहा टक्क्यांनी कर्ज फेडायला २६,९९२ चे १८० हप्ते पुरतच नाहीत. त्याने ज्या पुढच्या हप्त्यांची किंमत काढली ते हप्ते त्या कर्जाचे नव्हतेच. बरोबर क्रम असा. दर बदलला त्या दिवसापर्यंत मागची रीत, जुन्या दराने. बाकी २६,६१,१९५. ती इतिहासाने ठरली, नवा दर तिला हात लावू शकत नाही. त्या दिवसानंतर पुढची रीत, नव्या दराने, पण आता उलट प्रश्न विचारायचा. ही बाकी फेडायला हप्ता किती हवा, किंवा हप्ते किती हवेत?

मुदत १८० महिनेच ठेवायची तर हप्ता २९,४१७ रुपये होतो, म्हणजे २,४२५ रुपयांनी जास्त. हप्ता २६,९९२ च ठेवायचा तर १८० च्या जागी २२८ हप्ते भरावे लागतात. चार वर्षे वाढली. त्या काळात अनेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली, आणि कर्जदाराच्या खिशाला महिन्याला काहीच न जाणवल्याने पुष्कळांना ते कळलेही नाही. माझ्या मते ही सोय नव्हे. मुदत वाढवताना माणसाला विचारले पाहिजे.

याच्याही पुढे एक टोक आहे. २६,६१,१९५ रुपयांच्या बाकीवर दर जवळपास १२.१७ टक्के झाला तर एका महिन्याचे व्याजच २६,९९२ होते. मुद्दलात शून्य जाते. त्याच्या वर दर गेला तर दर महिन्याला हप्ता भरूनही बाकी वाढत राहते. त्या स्थितीत पुढच्या रीतीला उत्तरच नाही, कारण कितीही हप्ते घेतले तरी त्यांची आजची किंमत बाकीला पोचत नाही.

दर स्थिर आणि हप्तेच थांबले तर काय होते, हे आपण २०२० मध्ये पाहिले. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने १ मार्चपासून आधी तीन आणि मग आणखी तीन, असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. पुष्कळांना वाटले, कर्ज सहा महिन्यांनी लांबेल, बस. आपल्या जोडप्याचे ६० हप्ते फेब्रुवारी २०२० मध्ये पूर्ण झाले आणि त्यांनी सहाही महिने सवलत घेतली असे समजा. मागच्या रीतीने काढा. २६,६१,१९५ सहा महिने वाढत राहिले आणि ऑगस्टअखेर २७,८३,२१७ झाले. एक लाख बावीस हजार बाकीत मिळाले. तोच हप्ता चालू ठेवला तर आता १९९ हप्ते लागतात. सहा महिने थांबल्याची किंमत एकूण पंचवीस महिने. आणि सप्टेंबरमध्ये ‘अजून १८० राहिलेत’ म्हणत पुढची रीत लावणाऱ्याला २६ लाख ६१ हजारच दिसत राहतात, जणू सहा महिने काही घडलेच नाही.

त्या वर्षी वाद गाजला तो व्याजावरच्या व्याजाचा. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना सरकारने चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक परत दिला. पुढे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळाचे व्याजावरचे व्याज कोणाकडूनही घ्यायचे नाही असे सांगितले. आपल्या कर्जात हा फरक किती? सुमारे २,२६८ रुपये. म्हणजे ज्याची चर्चा झाली ते अडीच हजारांच्या आत आणि ज्याची झाली नाही ते सव्वा लाखाच्या आसपास. सवलत घेऊ नये असे मी म्हणत नाही. पगारच बंद झालेल्या माणसाला दुसरा मार्ग नव्हता. ज्याचा पगार चालू होता त्याने मात्र हा हिशेब आधी करायला हवा होता.

मागची रीत ही पाठ्यपुस्तकातली करामत नाही, हे दाखवायला आपल्याच प्रांतातली एक गोष्ट सांगतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध उठाव झाला, तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, आणि लोकांचा मुख्य रोख कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर होता. कारण त्या रोख्यांतच बाकी दडलेली होती. जुने मुद्दल आणि चढलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहायचा, जुना गेला की मूळ कर्ज किती होते हे कोणालाच सांगता येऊ नये. नव्या रोख्यावरचा आकडा हाच जणू आरंभ. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने नेमकी हीच गाठ सोडवली. कोर्टाने रोख्यावरच्या आकड्याशी न थांबता व्यवहाराच्या अगदी सुरुवातीपासून हिशेब घ्यावा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे आणि व्याज सरळ लावावे, अशी त्यात तरतूद होती. विधिज्ञांनी याला गणिताचे नाव दिले नाही, पण ती मागची रीतच होती. फरक एवढाच की व्याज चक्रवाढीने धरायचे नव्हते.

आज रोखा नाही, पण नव्या आकड्याला आरंभ मानण्याची सवय तशीच आहे. बँक बदलताना, कर्ज पुनर्रचित करताना, दर बदलून घेताना एक बाकी सांगितली जाते, आपण तिच्यावर सही करतो आणि तिथून पुढचे मोजू लागतो. त्या आकड्याच्या मागे कोणते हप्ते, कोणत्या तारखेचे कोणते दर आणि कुठले विलंबशुल्क आहे, हे पाहायचे राहून जाते.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे की हप्त्यांच्या बदलत्या दराच्या कर्जांत दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही, याची निवड द्यावी, आणि दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारे विवरण द्यावे. त्या विवरणात दोन्ही रीतींचे साहित्य आहे. वसूल झालेले मुद्दल मूळ कर्जातून वजा केले की मागची बाकी. उरलेले हप्ते, हप्ता आणि दर यांच्यावरून पुढची बाकी. एक्सेलमध्ये किंवा कोणत्याही तशा तक्त्यात आपल्या उदाहरणाच्या दोन ओळी अशा लिहायच्या:

```
=FV(0.09/12,60,26992,-3000000)
=PV(0.09/12,180,-26992)
```

पहिली मागची, दुसरी पुढची. दर मध्ये बदलला असेल तर पहिली ओळ दर बदलाच्या प्रत्येक तारखेला तोडून पुन्हा लिहायची, आधीच्या टप्प्याची बाकी पुढच्या टप्प्याचे मुद्दल म्हणून. दुसरीत फक्त आजचा दर, आजचा हप्ता आणि विवरणातले उरलेले हप्ते घालायचे, आपल्या मनातले नव्हेत.

तेव्हा विनंती एवढीच आहे. घरी गेल्यावर आपले शेवटचे विवरण काढा आणि या दोन ओळी आपल्या आकड्यांनी भरा. काही शेकड्यांचा फरक आला तर सोडून द्या. हजारांत आला तर शाखेत जाऊन पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा आणि दर कोणत्या तारखांना बदलला त्याची यादी, दोन्ही लेखी मागा.